टॅक्रोलिमसची रक्तपातळी एमआरएमवर मोजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किडनी किंवा लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटच्या रक्तातलं टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध, ट्रिपल क्वाड्रपोल मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. पद्धत बसवताना आणि रोजच्या बॅचेस चालवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेवढेच घेतले आहेत. बहुतेक उत्तरं फिरून इंटर्नल स्टँडर्डपाशीच येतील, कारण बहुतेक गडबडीही तिथेच सापडतात. इंटर्नल स्टँडर्ड म्हणजे प्रत्येक नळीत ठरावीक मात्रेत घातलेला, टॅक्रोलिमससारखाच वागणारा रेणू; टॅक्रोलिमसच्या एरियाला त्याच्या एरियाने भागून येणाऱ्या गुणोत्तरावरून निकाल काढतात.

मशीन नेमकं काय मोजतं?

टॅक्रोलिमसचं वस्तुमान साधारण ८०४. मोबाइल फेजमध्ये अमोनियम असेल तर रेणू अमोनियमला चिकटून आयनित होतो आणि ८२१.५ वर दिसतो. पहिलं क्वाड्रपोल फक्त ८२१.५ पुढे सोडतं. मधल्या कोलिजन सेलमध्ये आर्गॉन किंवा नायट्रोजनवर आपटून त्या आयनातून अमोनिया आणि पाण्याचे दोन रेणू सुटतात, म्हणजे ५३ वजा होतात. तिसरं क्वाड्रपोल उरलेलं ७६८.४ तेवढं डिटेक्टरकडे पाठवतं. ८२१.५ → ७६८.४ ही जोडी म्हणजे एक ट्रान्झिशन, आणि अशा ट्रान्झिशन आलटूनपालटून बघत राहणं म्हणजे एमआरएम.

सोबत ८२१.५ → ७८६.४ ही दुसरी ट्रान्झिशन ठेवावी. इथे अमोनिया आणि पाण्याचा एकच रेणू गेलेला असतो. या दोन पीकच्या एरियाचं गुणोत्तर कॅलिब्रेटरमध्ये जेवढं येतं तेवढंच पेशंटमध्ये यायला हवं. ते बिघडलं, तर पीकखाली दुसरं काहीतरी दडलंय असं समजावं.

इंटर्नल स्टँडर्ड म्हणून एक कार्बन-१३ आणि दोन ड्युटेरियम बसवलेलं टॅक्रोलिमस सर्रास मिळतं. ते तीन एककांनी जड असतं, म्हणून त्याची ट्रान्झिशन ८२४.५ → ७७१.५. लेबल तुटून जाणाऱ्या भागात नाही, त्यामुळे तुकडाही तीननेच जड राहतो.

आमच्याकडे अ‍ॅस्कोमायसिन पडलेलं आहे. तेच वापरलं तर काय बिघडतं?

अ‍ॅस्कोमायसिन हा टॅक्रोलिमसचा जवळचा भाऊबंद. एका ठिकाणी अ‍ॅलिलऐवजी इथिल गट आहे, बाकी सगळं तेच. ट्रान्झिशन ८०९.५ → ७५६.४. वर्षानुवर्षं लोकांनी ते वापरलं आहे आणि स्वच्छ नमुन्यांत ते कामही चोख करतं.

अडचण सोर्समध्ये, म्हणजे रेणूंना विद्युतभार मिळतो तिथे, येते. रक्तातले फॉस्फोलिपिड, औषधं, अन्नातले घटक हे कॉलमवरून आपापल्या वेळेला उतरतात. आपला रेणू त्यांच्यासोबत सोर्समध्ये शिरला तर थेंबातला भार मिळवायची झटापट होते आणि आपला सिग्नल दबतो. यालाच आयन सप्रेशन म्हणतात. अ‍ॅस्कोमायसिन टॅक्रोलिमसच्या किंचित पुढेमागे उतरलं तर एकावर दाब येतो आणि दुसरं सुटतं. मग गुणोत्तर चुकतं, आणि तेही पेशंटगणिक वेगवेगळं. लेबल केलेलं टॅक्रोलिमस त्याच क्षणी उतरतं, त्यामुळे दोघांवर सारखाच दाब पडतो.

ड्युटेरियम जितके जास्त, तितका रेणू कॉलमवरून थोडा लवकर उतरतो. दोनच ड्युटेरियम असतील तर एवढ्या मोठ्या रेणूत हा फरक जाणवत नाही. पण दुसऱ्या एखाद्या छोट्या औषधासाठी नऊ-दहा ड्युटेरियमचं स्टँडर्ड घेणार असाल, तर दोन्ही पीक एकावर एक ठेवून आधी पाहून घ्या.

सप्रेशन कुठे आहे ते पाहायचं असेल तर कॉलमनंतर टी-जोड लावून टॅक्रोलिमसचं द्रावण सिरिंज पंपाने सतत सोडा आणि औषध न घेणाऱ्या माणसाच्या रक्ताचा अर्क इंजेक्ट करा. सपाट रेषेत जिथे खड्डा पडेल तिथे सप्रेशन. टॅक्रोलिमसचं पीक त्या खड्ड्यात येत असेल तर ग्रेडियंट हलवा. लेबल केलेलं स्टँडर्ड आहे म्हणून पीक खड्ड्यातच राहू देऊ नये, कारण गुणोत्तर शाबूत राहिलं तरी सिग्नल गेलेलाच असतो. सर्वांत खालच्या कॅलिब्रेटरला तो परवडत नाही.

इंटर्नल स्टँडर्ड किती घालायचं? जास्त घातलं तर बरं ना?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. पुष्कळ ठिकाणी आधीच्या माणसाने लिहून ठेवलेला आकडा तसाच पुढे चालू असतो आणि तो का निवडला हे कुणालाच माहीत नसतं.

दोन बाजूंनी गळती असते. पहिली टॅक्रोलिमसकडून स्टँडर्डकडे. टॅक्रोलिमसमध्ये ४४ कार्बन आहेत आणि निसर्गातल्या कार्बनपैकी साधारण १.१ टक्के कार्बन-१३ असतो. त्यामुळे कोणतंही लेबल नसताना काही रेणू आपोआप एक, दोन किंवा तीन एककांनी जड असतात. ऑक्सिजन-१८ चा हातभार धरून हिशोब केला तर तीनने जड असलेल्यांचं प्रमाण मुख्य पीकच्या साधारण ३ टक्के येतं. हे रेणू ८२४.५ वरच येतात. तुटताना त्यांच्यातून अमोनिया आणि पाणीच जातं, कार्बन जात नाही, म्हणून तुकडाही ७७१.५ वरच मिळतो. म्हणजे पेशंटचं टॅक्रोलिमस स्वतःच्या सुमारे ३ टक्के इतका सिग्नल स्टँडर्डच्या खात्यात जमा करतं आणि एमआरएमला तो फरक कळत नाही.

दुसरी गळती उलट दिशेने. लेबल केलेल्या स्टँडर्डमध्ये थोडं बिनलेबलचं टॅक्रोलिमस राहून गेलेलं असतं, ते ८२१.५ वर दिसतं.

आता आकडे घालून पाहू. समजा, पद्धतीची मर्यादा १ ते ४० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. ५० मायक्रोलिटर रक्तात ५०० मायक्रोलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल घालतो आणि स्टँडर्ड त्या अ‍ॅसिटोनायट्राइलमध्येच आहे. त्यात ते ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवलं, तर प्रत्येक नळीत ०.२५ नॅनोग्रॅम पडतं. रक्ताच्या हिशोबाने ते ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर झालं.

४० च्या कॅलिब्रेटरमधून स्टँडर्डच्या खात्यात ४० चे ३ टक्के, म्हणजे १.२ जमा होतात. खरे ५, दिसतात ६.२. गुणोत्तर ८ यायला हवं, येतं सुमारे ६.४५. खालच्या बिंदूंवरून सरळ रेषा ओढली तर ४० चं मोजमाप ३२ च्या आसपास येईल. कॅलिब्रेशनची रेषा वरच्या टोकाला वाकलेली दिसते आणि डिटेक्टर सॅच्युरेट होतोय अशी समजूत करून घेतली जाते. खरं कारण पाहायचं असेल तर स्टँडर्डची एरिया कॅलिब्रेटरच्या क्रमाने मांडा. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ती चढत गेली तर गळती आहे, डिटेक्टरचा दोष नाही.

तेच स्टँडर्ड अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये २.५ ठेवलं तर रक्ताच्या हिशोबाने २५ होतं. १.२ ची गळती आता २५ वर ४.८ टक्के. बायोअ‍ॅनालिसिससाठीच्या आयसीएच एम१० मार्गदर्शिकेत हस्तक्षेपाला ज्या मर्यादा आहेत, त्यांत स्टँडर्डच्या सिग्नलसाठी ५ टक्के आणि सर्वांत खालच्या कॅलिब्रेटरच्या सिग्नलसाठी २० टक्के हे आकडे आहेत. पेशंटची तपासणी करणारी लॅब त्या मार्गदर्शिकेला बांधलेली नसली तरी मोजपट्टी म्हणून ते सोयीचे आहेत. या मोजपट्टीवर २५ जेमतेम बसतं.

मग ५० का नको? समजा, स्टँडर्डच्या सर्टिफिकेटवर बिनलेबलचा अंश ०.५ टक्के लिहिलाय. ५० चे ०.५ टक्के म्हणजे ०.२५. सर्वांत खालचा कॅलिब्रेटर १ असताना प्रत्येक नळीत, अगदी कोऱ्या रक्तातही, ०.२५ टॅक्रोलिमस आपणच घालतोय. हे २५ टक्के झाले, मर्यादेच्या बाहेर. २५ ठेवलं तर ०.१२५, म्हणजे १२.५ टक्के, चालेल. म्हणून या बाटलीसाठी उत्तर २५ च्या आसपास. नवी बाटली आली, तिचा बिनलेबल अंश वेगळा निघाला, की उत्तरही बदलेल. पाहायची रीत सोपी आहे: कोऱ्या रक्तात फक्त स्टँडर्ड घालून एक नळी, आणि स्टँडर्ड नसलेल्या अ‍ॅसिटोनायट्राइलने केलेली ४० ची एक नळी. पहिलीत ८२१.५ च्या खात्यात काय येतं आणि दुसरीत ८२४.५ च्या खात्यात काय येतं ते बघा.

हा सगळा हिशोब पहिल्या आणि तिसऱ्या क्वाड्रपोलच्या खिडक्या अरुंद आहेत, पीकची रुंदी निम्म्या उंचीवर ०.७ एककाच्या आसपास आहे, असं धरून केलाय. सिग्नल वाढावा म्हणून कुणी दोन्ही खिडक्या सैल केल्या तर दोनने जड असलेले रेणूही आत घुसू लागतात, आणि त्यांचं प्रमाण १४ टक्क्यांच्या घरात आहे. पाच किंवा अधिक एककांनी जड स्टँडर्ड मिळालं तर पहिली गळती जवळजवळ संपते. ते परवडत असेल तर घ्यावं, असं माझं मत.

कॅलिब्रेशनला वेटिंग का देतात?

४० च्या बिंदूची चूक आकड्याने मोठी असते. वेटिंग दिलं नाही तर रेषा त्याच्याच कलाने जाते आणि १ चा बिंदू वाऱ्यावर सुटतो. संहतीच्या वर्गाचा व्यस्तांक लावला की टक्केवारीतल्या चुकीला सगळीकडे सारखं वजन मिळतं. रेषा जबरदस्तीने शून्यातून नेऊ नये.

स्टँडर्ड आहे म्हटल्यावर नमुना तयार करतानाच्या सगळ्या चुका भरून निघतात ना?

नाही. स्टँडर्ड नळीत पडल्यानंतर दोघांवर सारखं जे काही गुदरतं, तेवढंच ते भरून काढतं. त्याआधी झालेल्या चुकांचा त्याला पत्ता नसतो.

टॅक्रोलिमसच्या बाबतीत हे फार बोचतं, कारण रक्तातलं बहुतेक टॅक्रोलिमस लाल पेशींच्या आत प्रथिनाला बांधलेलं असतं. म्हणून प्लाझ्मा न घेता ईडीटीए नळीतलं अख्खं रक्त घेतात. बाहेरगावाहून आलेली नळी रात्रभर उभी राहिलेली असते, खाली पेशी, वर प्लाझ्मा. ती नीट उलटीसुलटी न करता वरून ५० मायक्रोलिटर उचलले की टॅक्रोलिमस कमी आलं. स्टँडर्डची एरिया मात्र अगदी नमुनेदार असते, सप्रेशन नाही, क्यूसी पास, आणि रिपोर्ट चुकीचा. नळी हळुवारपणे आठ-दहा वेळा उलटी करून, तळाला पेशी चिकटलेल्या नाहीत आणि गुठळी नाही हे डोळ्यांनी पाहूनच पिपेट लावावं.

दुसरी चूक लगेच पुढच्या पायरीवर. साधारण क्रम असा: ५० मायक्रोलिटर रक्त, त्यावर २०० मायक्रोलिटर ०.१ मोलर झिंक सल्फेट, व्होर्टेक्स, मग स्टँडर्ड असलेलं ५०० मायक्रोलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल, पुन्हा व्होर्टेक्स, सेंट्रिफ्यूज, आणि वरचा द्रव इंजेक्शनला. झिंक सल्फेटच्या पायरीवर पेशी फुटायला हव्यात. तिथे घाई केली आणि अ‍ॅसिटोनायट्राइल ओतलं, तर प्रथिनं गठ्ठ्याने साकळतात आणि न फुटलेल्या पेशींतलं टॅक्रोलिमस त्या गठ्ठ्यात अडकतं. स्टँडर्ड कधी पेशीत गेलेलंच नसतं, ते अ‍ॅसिटोनायट्राइलसोबत आरामात बाहेर राहतं. त्यामुळे निकाल कमी येतो आणि कुठेही शंका घेण्यासारखं काही दिसत नाही. नीट झालेल्या नळीत अ‍ॅसिटोनायट्राइल घालण्याआधीच द्रव एकसारखा गडद होतो, भिंतीवर लाल ठिपके राहत नाहीत. नंतरचा तळ बारीक, एकजीव बसतो. तिथे चॉकलेटी डिखळं दिसली तर ती नळी पुन्हा करावी.

क्यूसी इथे का पकडत नाही? बाजारातले कॅलिब्रेटर आणि क्यूसी बहुधा सुकवून पुन्हा भिजवलेल्या रक्ताचे असतात. त्यांच्या पेशी आधीच फुटलेल्या. त्यांच्याकडून या पायरीची परीक्षा होतच नाही. म्हणून पेशंटचं उरलेलं रक्त एकत्र करून त्याचा एक क्यूसी जरूर ठेवावा. तोही ताजाच. फ्रीजरमध्ये घातला की पेशी फुटतात आणि तो बाजारच्या क्यूसीसारखाच वागू लागतो. हीच गोष्ट उलटून वापरता येते: शंका असलेला नमुना गोठवून, वितळवून पुन्हा केला आणि निकाल ठळकपणे वाढला, तर पहिल्या वेळी पेशी नीट फुटल्या नव्हत्या.

एका नमुन्यात स्टँडर्डची एरिया निम्मीच आली. गुणोत्तर तर निघतंय. रिपोर्ट द्यायचा का?

लगेच नाही. एक उदाहरण घेऊ, त्यात स्टँडर्ड अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये न मिसळता वेगळं, अगदी थोड्या द्रवात घातलंय असं धरू. बॅचमध्ये स्टँडर्डची सरासरी एरिया १,००,००० आहे आणि कॅलिब्रेशनचा उतार ०.०४. एका पेशंटमध्ये स्टँडर्ड ४८,००० आणि टॅक्रोलिमस २४,००० आलं. गुणोत्तर ०.५, निकाल १२.५.

याचे दोन अर्थ निघतात. सप्रेशन असेल तर दोघंही निम्म्याने दबले, गुणोत्तर बरोबर आणि १२.५ खरं. पण मल्टिचॅनल पिपेटच्या एका टिपमध्ये हवा राहून स्टँडर्डच निम्मं पडलं असेल, तर टॅक्रोलिमसचे २४,००० पूर्ण आहेत, त्यांना १,००,००० ने भागायला हवं होतं आणि खरा निकाल ६ च्या आसपास आहे. १२.५ वाचून डॉक्टर डोस कमी करू शकतात. ६ असताना तो कमी केला तर किडनी नाकारली जाण्याचा धोका. म्हणून अंदाजाने ठरवू नये.

रक्त शिल्लक असेल तर नवी नळी करावी, हे उघड आहे. ती होईपर्यंत दहा मिनिटांत कळेल असा एक उपाय आहे. तोच अर्क कोऱ्या नळीत पाचपट पातळ करा, अर्कात पाणी आणि अ‍ॅसिटोनायट्राइल ज्या प्रमाणात आहे त्याच मिश्रणाने. पुन्हा इंजेक्ट करा आणि स्टँडर्डच्या एरियाला पाचने गुणा. पातळ केल्यावर दाबणारे पदार्थही पाचपट कमी होतात, त्यामुळे सप्रेशन असेल तर हा आकडा ४८,००० वरून ७०,००० - ८०,००० कडे, कधी त्याहूनही वर सरकतो. स्टँडर्डच कमी पडलं असेल तर तो ४८,००० च्या जवळच अडकून राहतो. अर्क मुळात कमी इंजेक्ट झाला असेल, सुईत बुडबुडा होता वगैरे, तर तो अर्क पातळ न करता नुसता पुन्हा इंजेक्ट केल्यावरच आकडा जागेवर येतो, म्हणून आधी ते करून पाहावं. १२.५ चा नमुना पाचपट पातळ केला तरी सिग्नल २.५ इतका उरतो, त्यामुळे मोजणं अवघड जात नाही. २ चा नमुना असेल तर हा उपाय टॅक्रोलिमससाठी उपयोगाचा नाही, स्टँडर्डची एरिया मात्र तेव्हाही वाचता येते.

एरिया दुप्पट आली तर प्रश्नच नाही, स्टँडर्ड दोनदा पडलंय असं धरून नळी पुन्हा करायची. सरासरीच्या ५० ते १५० टक्के ही चौकट बऱ्याच लॅब ठेवतात. मला ती सैल वाटते. आपल्या महिन्याभराच्या बॅचेसचा फैलाव पाहून चौकट ठरवावी. बहुतेक नमुने ८५ ते ११५ मध्ये बसत असतील तर ६० टक्क्यांचा नमुना ‘चौकटीत आहे’ म्हणून सोडून देणं बरोबर नाही.

सगळ्याच नमुन्यांत सिग्नल घसरलाय, स्टँडर्डचाही. कुठे पाहू?

आधी सोडियम पाहा. टॅक्रोलिमसला सोडियम अमोनियमपेक्षा जास्त आवडतं. सोडियमला चिकटलेला आयन ८२६.५ वर येतो आणि तो नीट तुटत नाही, त्यामुळे आपल्या ट्रान्झिशनच्या दृष्टीने तो वायाच जातो. साबणाने धुतलेली काचेची बाटली मोबाइल फेजला वापरली की हे हमखास होतं. पहिल्या क्वाड्रपोलचा साधा स्कॅन घ्या आणि ८२१.५ व ८२६.५ शेजारीशेजारी बघा. मोबाइल फेजमध्ये २ मिलिमोलर अमोनियम अ‍ॅसिटेट आणि ०.१ टक्के फॉर्मिक अ‍ॅसिड ताजं घाला, बाटल्या साबणाशिवाय धुवा.

पीक रुंद किंवा दुभंगलेलं दिसत असेल तर कॉलमचं तापमान तपासा. टॅक्रोलिमस द्रावणात एकाहून अधिक रूपांत असतं आणि ती थंड कॉलमवर वेगळी होऊ लागतात. ५० ते ६० अंश सेल्सिअसला एकच नीट पीक मिळतं.

पेशंटचा दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट आमच्यापेक्षा जास्त येतो. कोण चुकतंय?

आधी त्यांची पद्धत विचारा. इम्युनोअ‍ॅसे असेल तर त्यातली अँटिबॉडी टॅक्रोलिमसच्या काही मेटाबोलाइटनाही धरते, त्यामुळे आकडा एमआरएमपेक्षा जास्त येणं अपेक्षितच आहे. मेटाबोलाइटचं वस्तुमान वेगळं असल्याने ते आपल्या ट्रान्झिशनमध्ये येत नाहीत. मग रक्त कधी काढलं ते विचारा: पुढचा डोस घ्यायच्या आधी, म्हणजे दिवसातून दोनदा घेणाऱ्यांमध्ये बारा तासांनी, की गोळी घेऊन आल्यावर? गोळीनंतर दोन तासांनी काढलेल्या रक्तात पातळी कितीतरी वर असते आणि त्यात दोन्ही लॅबचा काहीच दोष नसतो. पद्धत आणि वेळ दोन्ही जुळत असतील, तर एकाच नळीतलं रक्त दोन भागांत वाटून त्याच दिवशी दोन्हीकडे मोजावं. रिपोर्टवर पद्धतीचं नाव छापलं की डॉक्टरांचे निम्मे फोन येत नाहीत.